दोन ट्रिप्टोफॅनांपाशी अडलेला रायबोसोम

प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांत ट्रिप्टोफॅन सगळ्यांत महागडं आहे. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला ते स्वतः तयार करायचं झालं, तर एका रेणूमागे सुमारे 74 एटीपींइतकी ऊर्जा मोजावी लागते. आणि लागतं मात्र अगदी थोडं. प्रथिनांतल्या शंभर अमिनो आम्लांमागे जेमतेम एखादं ट्रिप्टोफॅन असतं. त्यामुळे बाहेरून, म्हणजे यजमानाच्या जेवणातून, ट्रिप्टोफॅन मिळत असेल तर ते घरी बनवत बसणं जिवाणूला परवडत नाही. आणि मिळेनासं झालं, तर बनवण्यावाचून गत्यंतर नसतं, कारण त्या एका घटकावाचून बहुतेक प्रथिनं अर्धवट राहतात.

ते बनवण्यासाठी लागणाऱ्या एन्झाइमांची पाच जनुकं ई. कोलायच्या डीएनएवर एका रांगेत आहेत. त्यांची आरएनए नक्कल एकाच जागेपासून, एका दमात उतरवली जाते. या रांगेला ट्रप ऑपेरॉन म्हणतात. नक्कल सुरू होण्याच्या जागेवर रिप्रेसर नावाचं एक प्रथिन पहारा देतं. पेशीत ट्रिप्टोफॅन भरपूर असलं की त्याचे रेणू रिप्रेसरला चिकटतात, आणि मग रिप्रेसर डीएनएवर घट्ट बसून नक्कल सुरूच होऊ देत नाही. ट्रिप्टोफॅन घटलं की तो सुटतो. बारावीच्या जीवशास्त्रात लॅक ऑपेरॉन शिकलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. 1960 च्या दशकात ट्रप ऑपेरॉनचं एवढंच नियंत्रण असावं असा सर्वसाधारण समज होता, आणि तो समज वाजवीही होता.

त्याला तडा गेला तो स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स यानोफ्स्की यांच्या प्रयोगशाळेत. 1973 मध्ये जॅक्सन आणि यानोफ्स्की यांनी ऑपेरॉनच्या सुरुवातीचे तुकडे गळालेले जिवाणू तपासले. नक्कल सुरू होण्याची जागा आणि पहिलं जनुक यांच्यामध्ये डीएनएचा एक पट्टा आहे. तो कोणत्याही एन्झाइमची माहिती देत नाही. हा निरुपयोगी वाटणारा पट्टा ज्या जिवाणूंमध्ये गळाला होता, त्यांच्यात ऑपेरॉनचं काम कमी होण्याऐवजी कित्येक पटींनी वाढलेलं दिसलं. आणि खरी गंमत अशी, की रिप्रेसर मुळातच नसलेल्या जिवाणूंतही ही वाढ दिसत होती. म्हणजे रिप्रेसरशी तिचा संबंध नव्हता. त्या पट्ट्यात दुसरंच काहीतरी होतं, आणि ते ऑपेरॉनला रोखून धरत होतं.

पुढच्या दोनतीन वर्षांत ते काय आहे हे स्पष्ट झालं. आरएनए नक्कल उतरवणारं यंत्र, म्हणजे आरएनए पॉलिमरेझ, प्रत्येक वेळी सुरुवात तर करायचं, पण ट्रिप्टोफॅन भरपूर असताना दहापैकी आठनऊ वेळा पहिल्या जनुकापर्यंत पोचण्याआधीच थांबायचं. सुरुवातीच्या पट्ट्याच्या आरएनए नकला पेशीत भरपूर सापडत, आणि पुढच्या जनुकांच्या त्यामानाने फार थोड्या. थांबण्याची जागाही ठरलेली होती, सुमारे 140 व्या अक्षरापाशी. ट्रिप्टोफॅनचा कडक दुष्काळ पडला की मात्र बहुतेक पॉलिमरेझ ती जागा ओलांडून पुढे जात. या प्रकाराला ॲटेन्युएशन म्हणतात. नक्कल सुरू होऊ द्यायची, पण ती पूर्ण होऊ द्यायची की नाही हे वाटेत ठरवायचं.

प्रश्न असा होता, की 140 व्या अक्षरापाशी पोचलेल्या पॉलिमरेझला पेशीत ट्रिप्टोफॅन आहे की नाही हे कळतं कसं? परीक्षानळीत शुद्ध डीएनए आणि शुद्ध पॉलिमरेझ घेतलं, तर ट्रिप्टोफॅन घाला वा न घाला, बहुतेक नकला तिथेच तुटत. याचा अर्थ पॉलिमरेझ स्वतः ट्रिप्टोफॅन ओळखत नाही. पेशीत असलेली आणि परीक्षानळीत नसलेली कुठलीतरी गोष्ट ही बातमी पोचवत असली पाहिजे.

त्या पट्ट्याची अक्षरं वाचल्यावर पहिला दुवा हाती लागला. पहिल्या जनुकाआधीची आरएनए 162 अक्षरांची आहे. तिच्यात 27 व्या अक्षरापासून एक छोटासा संदेश सुरू होतो. प्रथिन सुरू करण्याची खूण असलेलं एयूजी, त्यापुढे अमिनो आम्लांची तीनतीन अक्षरी संकेतचिन्हं, म्हणजे कोडॉन, आणि चौदा अमिनो आम्लं झाली की थांबण्याची खूण यूजीए. एवढ्या लहान पेप्टाइडचा पेशीला काही उपयोग असल्याचं दिसत नाही. ते तयार होतं आणि लगेच मोडलंही जातं. पण त्याच्या दहाव्या आणि अकराव्या जागी लागोपाठ दोन ट्रिप्टोफॅन आहेत. शंभरात एखादं येणारं अमिनो आम्ल चौदाच्या साखळीत दोनदा यावं, तेही शेजारीशेजारी, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नव्हता.

मराठीत ज्याला शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती इथे एका रेणूच्या पातळीवर चाललेली असते. पाच मोठी एन्झाइमं बनवण्याच्या खर्चात पडण्यापूर्वी पेशी एक चिमुकलं पेप्टाइड बनवून पाहते. त्यातली दोन ट्रिप्टोफॅन सहज जोडली गेली, तर पेशीत ट्रिप्टोफॅन आहे. जोडताना अडलं, तर नाही.

पण ही परीक्षा देणारा आणि तिचा निकाल ऐकणारा वेगवेगळे आहेत. पेप्टाइड बांधतो रायबोसोम, आणि थांबायचं की पुढे जायचं हा प्रश्न आहे पॉलिमरेझचा. या दोघांची गाठ पडते ती जिवाणूंना केंद्रक नसल्यामुळे. आपल्या पेशींत आरएनए केंद्रकात तयार होते, तिच्यावर संस्कार होतात, ती बाहेर येते आणि मग रायबोसोम ती वाचतात. जिवाणूत असा पडदा नसतो. पॉलिमरेझ आरएनए उतरवत पुढे जात असतं आणि तिच्या आधी तयार झालेल्या टोकाला रायबोसोम लागून वाचायला सुरुवातही करतो. 1970 मध्ये ऑस्कर मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांत हे उघड दिसतं. डीएनएच्या धाग्यावरून अर्धवट आरएनए लोंबत असतात आणि त्यांच्यावर रायबोसोमांचे ठिपके ओळीने बसलेले असतात. एकाच आरएनएवर पुढे पॉलिमरेझ आणि मागे रायबोसोम अशी ही वाटचाल असते.

आता उरतो तो निकाल कळवण्याचा मार्ग. तो आहे आरएनएच्या घड्यांमध्ये. आरएनएची अक्षरं एकमेकांशी जुळतात, जी सीशी आणि ए यूशी. एकाच धाग्यावरचे दोन तुकडे एकमेकांना पूरक असतील, तर धागा दुमडून त्यांची जोडी जमते आणि मधे फासा राहतो. या आकाराला हेअरपिन म्हणतात. आपल्या 162 अक्षरांच्या पट्ट्यात असे चार तुकडे आहेत, आणि त्यांना सरळ एक, दोन, तीन, चार अशी नावं आहेत. एकची जोडी दोनशी जमू शकते. दोनची तीनशीही जमू शकते. तीनची चारशीही जमू शकते. पण एका वेळी एकाचीच. दोन आणि तीन एकमेकांत गुंतले, तर चारला जोडीदार उरत नाही.

यांतली तीन-चारची जोडी घातक आहे. ती जी आणि सी यांनी भरलेली असल्यामुळे मजबूत असते, आणि तिच्या लगेच मागे यूंची रांग येते. पॉलिमरेझच्या आत नवी आरएनए डीएनएला थोड्या अक्षरांपुरतीच चिकटलेली असते. आरएनएचे यू आणि डीएनएचे ए यांची पकड सगळ्या जोड्यांत कमकुवत. मागे हेअरपिन घट्ट आवळली गेली आणि पुढे अशी ढिली पकड असली, की आरएनए निसटते, पॉलिमरेझ डीएनए सोडतं आणि नक्कल संपते. फ्रँक ली आणि यानोफ्स्की यांनी 1977 मध्ये ही आरएनए जी अक्षरापाशी कापणाऱ्या एन्झाइमाखाली ठेवून कोणते भाग कापले जात नाहीत ते पाहिलं. जोडीत अडकलेले भाग वाचतात. त्यातून एक-दोन आणि तीन-चार या जोड्या समोर आल्या, आणि दोन-तीन ही पर्यायी जोडी शक्य आहे हे अक्षरांवरून दिसलं.

पहिला तुकडा कुठे आहे ते पाहिलं की सगळं उलगडतं. त्याची सुरुवात 54 व्या अक्षरापाशी होते, आणि ट्रिप्टोफॅनचे दोन कोडॉन नेमके 54 ते 59 या अक्षरांवर आहेत. पेप्टाइड थांबवण्याची खूण 69 ते 71 वर, म्हणजे पहिल्या तुकड्याच्या शेवटाला लागून आणि दुसऱ्याच्या उंबरठ्यावर. रायबोसोम हा आडवातिडवा मोठा आहे. ज्या कोडॉनवर तो उभा असतो, त्याच्या पुढची सुमारे दहा अक्षरंही तो झाकून टाकतो.

समजा, ट्रिप्टोफॅन भरपूर आहे. रायबोसोम एयूजीपासून निघतो, आठनऊ अमिनो आम्लं जोडतो आणि ट्रिप्टोफॅनच्या पहिल्या कोडॉनपाशी येतो. ट्रिप्टोफॅन आणून देणारा टीआरएनए भारित होऊन तयार आहे. पहिलं ट्रिप्टोफॅन जोडलं, दुसरं जोडलं, आर्जिनिन, थ्रिओनिन, सेरिन, आणि रायबोसोम यूजीएवर येऊन थांबतो. आता दुसऱ्या तुकड्याचा काही भाग त्याच्याखाली दबला आहे. मागून तिसरा तुकडा तयार होतो, पण दोनची साथ मिळत नाही. मग चौथा तयार होताच तीन त्याच्याशी जोडी जमवतो, यूंची रांग येते आणि नक्कल तुटते. रायबोसोम यूजीएवरून लवकर सुटून गेला, तरी एक-दोनची जोडी पुन्हा जमू शकते, आणि दोन अडकल्याने तीन पुन्हा चारकडेच जातो.

आता ट्रिप्टोफॅन संपलं आहे असं धरू. भारित टीआरएनए मिळत नाहीत. रायबोसोम दहाव्या किंवा अकराव्या कोडॉनवर उभा राहतो. तो पहिल्या तुकड्यावर बसला आहे, पण दुसऱ्यापर्यंत पोचलेला नाही. एक झाकलेला असल्यामुळे दोन मोकळा आहे. पॉलिमरेझ पुढे सरकतं, तिसरा तुकडा बाहेर येतो, आणि दोन-तीनची जोडी लगेच जमते. नंतर चौथा येतो तेव्हा तीन आधीच गुंतलेला असतो. घातक हेअरपिन बनतच नाही, पॉलिमरेझ 140 वं अक्षर ओलांडतं आणि पाचही जनुकांची नक्कल उतरते.

या सगळ्यात वेळेचा मेळ बसला नाही, तर काहीच साधणार नाही. पॉलिमरेझ सेकंदाला चाळीस-पन्नास अक्षरं उतरवतं, म्हणजे दुसऱ्या तुकड्याच्या शेवटापासून 140 व्या अक्षरापर्यंत त्याला सेकंदभर लागतो. रायबोसोमला आरएनए पकडायला थोडा जरी उशीर झाला, तरी निकाल हाती येण्याआधीच पॉलिमरेझ पुढे निघून जाईल. हे टळतं ते एका विसाव्यामुळे. एक आणि दोन हे तुकडे तयार होताच त्यांची जोडी जमते, आणि तिच्यामुळे पॉलिमरेझ 92 व्या अक्षराच्या आसपास थबकतं. मागून रायबोसोम येतो, ती जोडी विस्कटतो, आणि पॉलिमरेझ पुन्हा चालू लागतं. दोघांची पावलं इथून जुळतात. यानोफ्स्की यांच्या प्रयोगशाळेने हा विसावा 1980 च्या दशकात उलगडला. मला या साऱ्या यंत्रणेतला हा भाग सगळ्यांत सुंदर वाटतो. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत वाट पाहण्याची सोयही त्याच आरएनएच्या घडीत आहे, तिच्यासाठी वेगळं प्रथिन नाही.

हे चित्र नुसतं जुळवाजुळवीचं नाही हे दाखवणारे उत्परिवर्ती जिवाणूही मिळाले. त्यातल्या एकात 29 व्या जागेवरचा जी बदलून ए झाला होता. म्हणजे पेप्टाइड सुरू करण्याची खूण एयूजीऐवजी एयूए झाली. रायबोसोमला सुरुवातच नीट करता येईना. अशा जिवाणूला ट्रिप्टोफॅनची उपासमार घडवली, तरी नक्कल 140 पाशी तुटतच राहिली. अन्न नाही हे खरं, पण ते कळवणारा रायबोसोमच जागेवर नव्हता. दुसऱ्या एका जिवाणूत 75 व्या जागेवरचा जी ए झाला होता. पेप्टाइडशी त्याचा संबंध नाही, पण त्यामुळे दोन-तीनची जोडी कमकुवत होते. तिथेही उपासमारीचा परिणाम पुरेसा दिसेना. एका बदलाने रायबोसोमचं काम आणि दुसऱ्याने घडीचं काम अशा दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासल्या गेल्या.

याहून बोलका पुरावा टीआरएनएमधून आला. ट्रिप्टोफॅनच्या टीआरएनएवर पेशी एक छोटासा रासायनिक फेरफार करते, आणि त्यामुळे तो कोडॉनवर चटकन बसतो. हा फेरफार ज्यांना करता येत नाही अशा जिवाणूंत ट्रिप्टोफॅनची काहीच टंचाई नसते. टीआरएनए ट्रिप्टोफॅन घेऊन हजर असतो, फक्त जागेवर बसायला वेळ लावतो. तरीही त्यांच्यात ऑपेरॉनवरचं हे बंधन सैल पडतं. रायबोसोम दोन कोडॉनांवर रेंगाळला एवढंच पुरतं. हे कळल्यावर ॲटेन्युएशन नेमकं काय मोजतं याविषयी शंका राहत नाही. ट्रिप्टोफॅनचा साठा रिप्रेसर मोजतो. ॲटेन्युएशन मोजतं प्रथिन बांधण्याचा वेग.

म्हणूनच आर्जिनिनची उपासमार झाली, तरी ट्रप ऑपेरॉनवरचं बंधन काही प्रमाणात सुटतं. आर्जिनिनचा कोडॉन दोन ट्रिप्टोफॅनांच्या लगेच पुढे आहे. तिथे अडलेला रायबोसोमही एकला झाकतो आणि दोनला मोकळा सोडतो. जिवाणूला इथे ट्रिप्टोफॅन नको आहे, पण घडीला ते कळत नाही. तिला फक्त रायबोसोम कुठे उभा आहे एवढंच कळतं. आणि तो पेप्टाइडच्या अगदी सुरुवातीलाच अडला, तर एक आणि दोन दोन्ही मोकळे राहून एकमेकांशी जुळतात, तीन चारशी जुळतो आणि नक्कल तुटते. साखळीत ट्रिप्टोफॅन दहाव्या-अकराव्या जागी का आहेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या जागी का नाहीत, याचं उत्तर यात आहे.

दोन नियंत्रणं एकाच ऑपेरॉनवर का, असा प्रश्न साहजिक पडतो. रिप्रेसर ऑपेरॉनचं काम सुमारे 70 पटींच्या मर्यादेत कमीजास्त करतो, आणि ॲटेन्युएशन आठदहा पटींच्या. दोन्ही मिळून तफावत सहाशे पटींच्या घरात जाते. पण हा नुसता गुणाकार नाही. 1984 मध्ये यानोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी उपासमार हळूहळू वाढवत नेली, तेव्हा असं दिसलं की आधी रिप्रेसर सुटतो, आणि ॲटेन्युएशनचं बंधन टंचाई तीव्र झाल्यावरच सैल होतं. थोडी चणचण असली, तर साठ्यावरून अंदाज घेऊन काम भागतं. रायबोसोम खरोखरच अडू लागले, म्हणजे पेशीची सगळीच प्रथिनं अडू लागली, की मग उरलेला अडसरही निघतो.

हीच युक्ती इतर ऑपेरॉनांतही आहे. हिस्टिडीन बनवणाऱ्या ऑपेरॉनच्या आरंभीच्या पेप्टाइडात सात हिस्टिडीन एकापाठोपाठ येतात, आणि तिथे रिप्रेसरही नाही. फेनिलॲलनिनच्या बाबतीत पंधरा अमिनो आम्लांत सात फेनिलॲलनिन आहेत. अक्षरं वाचली की कोणत्या अमिनो आम्लाची परीक्षा चालली आहे हे लगेच ओळखू येतं.

पण सगळे जिवाणू या वाटेने जात नाहीत. मातीत राहणाऱ्या बॅसिलस सब्टिलिसमध्ये हीच पर्यायी घड्यांची रचना आहे, मात्र तिथे रायबोसोमच्या जागी ट्रॅप नावाचं अकरा एकसारख्या घटकांचं कड्याच्या आकाराचं प्रथिन काम करतं. ट्रिप्टोफॅन मिळालं की ते कडं आरएनएला स्वतःभोवती गुंडाळून घेतं, नक्कल चालू ठेवणारी घडी जमू देत नाही, आणि नक्कल तुटते. इथे साठा थेट मोजला जातो, रायबोसोमची परीक्षा नाही, असं बराच काळ वाटत होतं. 2001 मध्ये ट्रॅपला निकामी करणारं दुसरं एक प्रथिन सापडलं, ॲन्टी-ट्रॅप. ते तयार करणाऱ्या आरएनएच्या सुरुवातीला दहा अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचा संदेश आहे, आणि त्यात लागोपाठ तीन ट्रिप्टोफॅन आहेत. रायबोसोम ते पूर्ण वाचून शेवटाला पोचला, तर ॲन्टी-ट्रॅपचं वाचन सुरू होण्याची जागा तो झाकून टाकतो. तीन ट्रिप्टोफॅनांत कुठे अडला, तर ती जागा उघडी राहते आणि ॲन्टी-ट्रॅप बनू लागतं.